‘मिळेल’ आणि ‘मिळू शकतं’ यांच्या मधली जागा

‘रोज फक्त 167 रुपये वाचवा आणि 20 वर्षांत 50 लाखांचे मालक व्हा!’ अशी पोस्ट तुम्ही व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर किंवा इन्स्टाग्रामवर नक्की पाहिली असेल. खाली नोटांची चित्रं, एका हसऱ्या कुटुंबाचा फोटो, ‘आजच मेसेज करा’ आणि अगदी तळाला, भिंगातून वाचावी अशा अक्षरात, बाजाराच्या जोखमीची सूचना.

गुंतवणूक सल्लागार आणि वकील यांच्यासाठी मराठीत कॅप्शन लिहिणं हे माझं काम आहे, त्यामुळे या वाक्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या माझ्याकडे सतत येतात. ‘हे जरा गोड करून द्या’ असं क्लायंट म्हणतात. त्यातले बहुतेक जण प्रामाणिक असतात. आपण खोटं बोलतोय असं त्यांना वाटत नाही, कारण आकडा त्यांनी कॅल्क्युलेटरवर काढलेला असतो आणि तो बरोबरही असतो.

तेव्हा आधी तो आकडाच तपासू. रोज 167 म्हणजे महिन्याला साधारण 5,000 रुपये. दरमहा 5,000 प्रमाणे 20 वर्षांत आपण खिशातून 12 लाख रुपये भरतो. या रकमेवर दर वर्षी 12 टक्के धरले, म्हणजे कॅल्क्युलेटरच्या रिवाजाप्रमाणे महिन्याला 1 टक्का, तर शेवटी 49 लाख 96 हजारांच्या आसपास रक्कम येते. म्हणजे 50 लाख. हिशेबात चूक नाही.

आता फक्त 12च्या जागी 8 घाला. तेच 5,000, तीच 20 वर्षं, आणि उत्तर येतं साडेएकोणतीस लाखांच्या थोडं वर. चार टक्क्यांच्या फरकाने 20 लाख रुपये गेले. हे चार टक्के कुणाच्याच हातात नाहीत. शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडात पुढची 20 वर्षं किती वाढ होईल हे सल्लागाराला माहीत नसतं आणि फंड चालवणाऱ्यालाही नसतं.

आणखी एक गोष्ट या वाक्यात दिसत नाही. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर 20 वर्षांनंतरच्या 50 लाखांत आजच्या साडेपंधरा लाखांएवढंच सामान येईल. वाचणारा माणूस मात्र 50 लाख हा आकडा आजच्या भावाने वाचतो. त्याच्या डोळ्यांसमोर आजचा फ्लॅट येतो, मुलीच्या शिक्षणाची आजची फी येते. अंकगणित बरोबर आणि तरीही वाचणाऱ्याच्या मनात उमटलेलं चित्र खोटं, असा हा प्रकार आहे.

ते वचन आकड्यात नाही, ‘व्हा’ या क्रियापदात आहे. ‘वाचवा आणि मालक व्हा’ या रचनेत पहिलं केलं की दुसरं आपोआप घडतं असा अर्थ आहे. ‘मिळवा’, ‘मिळेल’, ‘होईल’, ‘करून देऊ’ ही सगळी त्याच जातीची रूपं. त्यामुळे कॅप्शन तपासताना मी विशेषणांकडे नंतर पाहते. आधी प्रत्येक वाक्याचं क्रियापद बघते आणि स्वतःला विचारते, हे घडवणं लिहिणाऱ्याच्या हातात आहे का? ‘पहिल्या भेटीत तुमचा जमाखर्च पाहू’ हे त्याच्या हातात आहे, तिथे ‘पाहू’ छातीठोकपणे म्हणावं. ‘पैसे वाढतील’ हे त्याच्या हातात नाही, तिथे ‘वाढू शकतात’ म्हणावं, आणि त्याच वाक्यात ‘कमीही होऊ शकतात’ हेही यावं. कमी होण्याची गोष्ट तळाच्या बारीक अक्षरात टाकली की वाचणारा ती वाचत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असतं.

कायद्यालाही हेच हवं आहे. सेबीने, म्हणजे आपल्याकडच्या शेअर बाजाराच्या नियामकाने, 5 एप्रिल 2023 रोजी गुंतवणूक सल्लागारांसाठी जाहिरातींची आचारसंहिता काढली आणि ती 1 मे 2023 पासून लागू झाली. सोशल मीडियावरची पोस्टही तिच्या कक्षेत येते. खात्रीच्या किंवा बिनजोखमीच्या परताव्याचं आश्वासन देता येत नाही. ‘सर्वोत्तम’, ‘नंबर एक’, ‘आघाडीचे’ असले शब्द स्वतःसाठी वापरता येत नाहीत. समाधानी ग्राहकांचे अभिप्राय छापता येत नाहीत, सेबीचं बोधचिन्ह लावता येत नाही. नाव, नोंदणी क्रमांक आणि ठरावीक सूचना द्यावीच लागते, आणि सेबीकडची नोंदणी म्हणजे कामगिरीची हमी नव्हे हेही लिहावं लागतं.

हे वाचल्यावर अनेक सल्लागार हात टेकतात. ‘मग लिहायचं काय?’ असं विचारतात. त्यांचा प्रश्न खरा आहे, कारण त्यांना जे आकर्षक वाटत होतं ते सगळं यादीतून गेलं. मग ते दुसऱ्या टोकाला जातात आणि असं काहीतरी पाठवतात: ‘आपल्या जोखीम सहनक्षमतेनुसार वैविध्यपूर्ण पोर्टफोलिओद्वारे दीर्घकालीन संपत्ती निर्मितीसाठी सर्वंकष उपाययोजना.’ यात खोटं वचन नाही. पण यात कुणी माणूसही नाही, ना बोलणारा, ना ऐकणारा.

अवघड शब्दांचा प्रश्न मराठीत जरा निराळा आहे. इंग्रजीतून आलेले ‘ॲसेट ॲलोकेशन’, ‘एक्सआयआरआर’ यांसारखे शब्द लोकांना कळत नाहीत हे सगळ्यांना मान्य असतं. म्हणून त्यांचं सरकारी छापाचं मराठी केलं जातं आणि सोपं झालं असं समजलं जातं. एका पोस्टमध्ये ‘ॲसेट ॲलोकेशन’च्या जागी ‘मालमत्तेचे वाटप’ असं आलं होतं. मराठी घरात मालमत्तेचं वाटप म्हणजे भावाभावांत वाटण्या. गुंतवणुकीची पोस्ट वाचून कुणी वाटणीच्या सल्ल्यासाठी फोन केला, तर त्याला दोष देता येणार नाही. तिथे सरळ लिहावं: ‘किती पैसे बँकेत, किती शेअर बाजारात, किती सोन्यात ठेवायचे हे आधी ठरवू.’ शब्द वाढले, पण प्रत्येक शब्द ओळखीचा आहे.

म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींसाठी सेबीने घातलेल्या नियमांतही तांत्रिक आणि कायदेशीर शब्दांचा भडिमार टाळावा असं सांगितलेलं आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. क्लिष्ट भाषेमागे दडणं ही नुसती शैलीतली उणीव राहत नाही. वाचणाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा घेण्याचा तो एक मार्ग आहे असं नियम करणाऱ्यांनीच मानलं आहे.

पण सोपा शब्द निवडला म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. या क्षेत्रात माझ्या मते सगळ्यात जास्त सावधपणा इथे लागतो. ओळखीचा, घरातला शब्द आपल्याबरोबर एक भरवसा घेऊन येतो, आणि तो भरवसा नेहमी खरा नसतो. ‘व्याज’ हा शब्द घ्या. सल्लागाराकडे आलेला माणूस हमखास विचारतो, ‘यात व्याज किती मिळतं?’ म्हणून कॅप्शनमध्येही ‘बँकेपेक्षा जास्त व्याज’ असं लिहायचा मोह होतो. लोकांचाच शब्द आहे, मग हरकत काय? हरकत ही, की व्याज म्हणजे आधी ठरलेला दर. बँकेच्या मुदत ठेवीत तो पावतीवर छापलेला असतो. बाजारातल्या वाढीला व्याज म्हटलं की मी कुठेही ‘खात्री’ हा शब्द न लिहिता खात्री देऊन मोकळी होते.

‘ठेवा’ हेही तसंच. ‘आमच्याकडे निर्धास्तपणे पैसे ठेवा’ हे वाक्य किती आपुलकीचं वाटतं. पण नोंदणीकृत सल्लागार कुणाचे पैसे स्वतःकडे ठेवतच नाही. तो सल्ला देतो आणि त्याची फी घेतो. गुंतवणुकीचे पैसे गुंतवणूकदाराच्या खात्यातून थेट फंडाच्या खात्यात जातात. म्हणजे आपुलकीच्या भरात लिहिलेलं ते वाक्य सल्लागाराच्या कामाबद्दलच चुकीची माहिती देतं, आणि उद्या कुणी भामटा खरोखर पैसे स्वतःच्या खात्यात मागेल तेव्हा लोकांना त्यात वावगं वाटू नये अशी सोय करून ठेवतं. ‘एसआयपी’ला ‘बचत योजना’ म्हणणं, दरमहाच्या गुंतवणुकीला ‘भिशी’ म्हणणं, या सगळ्यांत हाच धोका आहे. मी ‘परतावा’ किंवा ‘वाढ’ म्हणते, आणि पहिल्यांदा हा शब्द आला की लगेच जोडते: ‘हे व्याज नाही, दर आधी ठरलेला नसतो.’ एवढ्या छोट्या वाक्याने पुढचे बरेच गैरसमज टळतात.

मग त्या 167 रुपयांच्या कॅप्शनचं काय केलं ते सांगते. क्लायंट एक सल्लागार मॅडम होत्या. त्यांना विचारलं, ‘तुमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस खुर्चीत बसल्यावर काय बोलतो?’ त्या म्हणाल्या, ‘महिन्याला चार-पाच हजार बाजूला पडतात, पण कुठे टाकावेत कळत नाही, असं म्हणतात.’ मग विचारलं, ‘आणि तुम्ही पहिलं काय विचारता?’ त्या म्हणाल्या, ‘अडीअडचणीचे पैसे आहेत का हे विचारते. नोकरी गेली तर घर किती महिने चालेल?’ कॅप्शन इथेच तयार झालं होतं. शेवटचा मसुदा असा होता:

‘महिन्याला चार-पाच हजार बाजूला पडतात, पण कुठे टाकावेत कळत नाही? कुठला फंड घ्यायचा हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा: पगार थांबला, तर घर सहा महिने चालेल एवढी रक्कम हाताशी आहे का? नसेल, तर आधी ती बँकेत जमवू. कारण बाजाराशी जोडलेल्या फंडातले पैसे वाढू शकतात, तसेच काही काळ भरलेल्या रकमेपेक्षा कमीही होऊ शकतात. नेमकी तेव्हाच गरज पडली तर तोट्यात काढावे लागतात. येताना वर्षभराचा जमाखर्च घेऊन या. पहिल्या भेटीत आपण फक्त तोच पाहतो. भेटीची फी आधी सांगितली जाते. फंड कंपन्यांकडून कमिशन घेत नाही.’ त्याखाली नाव, `INA` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि बाजाराच्या जोखमीची सूचना, वाचता येईल अशा अक्षरात.

यात 50 लाख नाहीत. मॅडमना सुरुवातीला ते जरा फिकं वाटलं. पण पहिली ओळ पुन्हा वाचा. ती वाचणाऱ्याच्या तोंडचीच आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शनच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचं ‘more’ दाबल्यावर उघडतं. त्या जागेत स्वतःचा अनुभव आणि पदव्या टाकण्यापेक्षा समोरच्याची अडचण त्याच्याच शब्दांत टाकली की तो थांबतो. जवळीक येते ती इथून. ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणून किंवा ओळीओळीला चित्रं चिकटवून ती येत नाही. पैशाच्या बाबतीत तर अनोळखी माणसाने एकदम ‘तू’ म्हटलेलं आपल्याकडे कुणालाच रुचत नाही. ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांत पुरेसा ओलावा आहे.

व्यावसायिकपणा कुठून आला? ‘आधी ती बँकेत जमवू’ या वाक्यातून. आज फंड घेऊ नका असं सल्लागार स्वतः सांगतोय. स्वतःच्या धंद्याला तात्पुरता मुरड घालणारं हे वाक्य वाचणाऱ्याला जेवढा विश्वास देतं तेवढा ‘25 वर्षांचा अनुभव’ देत नाही. आणि ‘कमिशन घेत नाही’ हे वाक्य फक्त तोच लिहू शकतो ज्याला ते लागू आहे. म्युच्युअल फंडाचा वितरक असेल तर त्याला कमिशन मिळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याच्या कॅप्शनमध्ये ते तसंच यायला हवं: ‘आम्ही म्युच्युअल फंड वितरक आहोत, आमचं उत्पन्न फंड कंपनीच्या कमिशनमधून येतं.’ त्याचा क्रमांक `ARN` ने सुरू होतो. 2020 साली सेबीने नियमच केला की सल्लागार म्हणून नोंदणी नसलेल्या वितरकाने स्वतःला ‘स्वतंत्र आर्थिक सल्लागार’ किंवा ‘वेल्थ ॲडव्हायजर’ म्हणवून घेऊ नये. तरीही मराठी पोस्टमध्ये ‘तुमचे आर्थिक सल्लागार’ अशी ओळ वितरकांच्या नावाखाली सर्रास दिसते. इथे खोटं वचन परताव्याचं नसतं, स्वतःच्या ओळखीचं असतं.

वकिलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजून न घेता सल्लागाराचा साचा त्यांना लावला तर त्यांची सनद अडचणीत येऊ शकते. भारतात वकिलाला जाहिरात करून काम मागण्याची मुभाच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 36 क्रमांकाचा नियम प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात, दलाल, वैयक्तिक संदेश, स्वतःच्या खटल्यांशी जोडून फोटो छापून आणणं, सगळ्यांना मनाई करतो. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची असावी असं तो सांगतो. 2008 साली एवढी सवलत मिळाली की संकेतस्थळावर नाव, पत्ता, फोन, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र देता येईल. जुलै 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन वकील पुरवणाऱ्या संकेतस्थळांबद्दल कडक भूमिका घेतली, आणि मार्च 2025 मध्ये बार कौन्सिलने सोशल मीडियावर इन्फ्लुएन्सर आणि नटनट्यांमार्फत होणाऱ्या वकिलांच्या प्रसिद्धीविरुद्ध पुन्हा इशारा दिला.

म्हणून वकिलाच्या कॅप्शनमध्ये ‘आजच फोन करा’ नको, जिंकलेल्या खटल्याचा गाजावाजा नको, अशिलासोबतचा फोटो नको. उरते ती सर्वसाधारण कायदेशीर माहिती, आणि तीही काम मागण्याचा आडमार्ग होणार नाही अशी. ही रेषा बारीक आहे. ज्या वकिलांना तेवढाही धोका नको असेल त्यांनी काही न लिहिलेलं बरं, असं मी त्यांना स्पष्ट सांगते.

ज्यांना लिहायचं आहे त्यांच्यासाठी एक विषय महाराष्ट्रात कधीच शिळा होत नाही: सोसायटीतला फ्लॅट आणि नॉमिनी. यावर माझ्याकडे आलेला एक मसुदा असा होता: ‘सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेच्या संदर्भात नामनिर्देशित व्यक्तीस स्वामित्व हक्क प्राप्त होत नसून वारसाहक्क कायद्यातील तरतुदी लागू होतात.’ मजकूर बरोबर आहे. पण ज्याच्यासाठी लिहिलाय तो माणूस ‘नामनिर्देशित’ या शब्दाशीच अडखळतो. तो आयुष्यभर ‘नॉमिनी’ म्हणत आला आहे, सोसायटीच्या कचेरीतही ‘नॉमिनी’च म्हणतात. आम्ही तो असा केला:

‘सोसायटीच्या फॉर्मवर वडिलांनी धाकट्या भावाचं नाव नॉमिनी म्हणून लिहिलं. वडील गेले. फ्लॅट भावाचा झाला का? फक्त एवढ्यावरून नाही. महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याप्रमाणे वारस ठरेपर्यंत सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. मालकी कुणाची हे मृत्युपत्रावरून ठरतं, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यावरून. हे सोसायटीतल्या फ्लॅटबद्दल झालं. विम्याचा नियम निराळा आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे, तुमच्या कागदपत्रांवरचा सल्ला नव्हे.’

शेवटून दुसरं वाक्य गाळायचा आग्रह झाला होता, कारण त्याने जोर कमी होतो. ‘नॉमिनी म्हणजे मालक नव्हे!’ एवढंच ठसठशीत लिहावं असं वकीलसाहेबांचं म्हणणं होतं. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही असंच सांगितलं आहे, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. पण विमा कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली. आईवडील, पती किंवा पत्नी, मुलं यांपैकी कुणी नॉमिनी असेल तर विम्याच्या रकमेवर त्याचा हक्क कसा मानायचा याची वेगळी तरतूद तिच्यात आहे, आणि तिच्या अर्थावरून न्यायालयांतही मतं वेगळी पडली आहेत. ते ठसठशीत वाक्य वाचून एखादी विधवा विम्याच्या पैशाबद्दल चुकीची समजूत करून घेऊ शकते. अपवाद माहीत असताना तो फक्त वाक्याच्या जोरासाठी गाळणं म्हणजे खोटं सांगणंच आहे. वाक्य राहिलं.

वचनाची एक उलटी बाजूही असते, ती म्हणजे भीती. ‘मृत्युपत्र केलं नाही तर तुमची मालमत्ता सरकारजमा होईल!’ ही ओळ फार खपते आणि ती जवळजवळ प्रत्येक वाचणाऱ्याच्या बाबतीत खोटी असते. मालमत्ता सरकारकडे जाते ती कायद्याने ठरवलेला कुणीही वारस नसेल तेव्हाच. हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला, तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि आई या सगळ्यांचा समान वाटा असतो. यातलं ‘आई’ आणि ‘मुली’ वाचून लोक थांबतात, कारण पुष्कळांची समजूत वेगळी असते. ‘तुमच्या मनात याहून वेगळं काही असेल, तर ते लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ठेवावं लागतं’ एवढं पुढे जोडलं की कॅप्शन पुरं होतं. घाबरवायची गरज उरत नाही. घाबरलेला माणूस घाईने फोन करतो हे खरं, पण तो चुकीच्या अपेक्षेने येतो आणि पहिली दोन-तीन मिनिटं त्याची समजूत काढण्यातच जातात.

कॅप्शन तयार झालं की ते तपासायची एक रीत आहे. ‘कसं वाटलं?’ असं कुणालाही विचारायचं नाही, कारण घरचे लोक ‘छान’ म्हणतात. या धंद्यात नसलेल्या कुणाला तरी, आत्याला, शेजारच्या काकांना, एकदा वाचायला द्यायचं, फोन परत घ्यायचा आणि विचारायचं, ‘यांच्याकडे गेलं तर काय होईल?’ ‘पन्नास लाख मिळतील’ किंवा ‘केस जिंकून देतील’ असं उत्तर आलं, तर तळाशी कितीही सूचना लिहिल्या असल्या तरी कॅप्शन वचन देतंय. ‘काहीतरी योजना आहे वाटतं’ असं आलं, तर भाषा पोचलेली नाही. ‘आधी जमाखर्च बघतील आणि फी घेतील’ असं उत्तर आलं की पोस्ट टाकायला हरकत नाही.

सल्लागार आणि वकील मंडळींना एक विनंती आहे. कॅप्शन लिहिणाऱ्याला आकडे आणि पदव्या पाठवण्याऐवजी तुमच्यासमोर बसलेल्या माणसाने विचारलेले प्रश्न पाठवा, नावगाव काढून. आणि वाचकांना सांगायचं ते एवढंच: पैशाबद्दलची कुठलीही पोस्ट आवडली तर आधी खालचा क्रमांक बघा. `INA` असेल तर तो माणूस तुमच्याकडून फी घेणारा सल्लागार आहे, `ARN` असेल तर फंड कंपनीकडून कमिशन घेणारा वितरक आहे. सल्लागारांच्या नोंदणीची यादी sebi.gov.in वर सगळ्यांसाठी खुली आहे. क्रमांकच नसेल, तर कॅप्शन कितीही गोड असलं तरी पैसे देऊ नका.